घराच्या रिनोव्हेशनचा गँट चार्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात जुन्या घरांची कामं करून घेताना लोक आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळ्या उत्तरांत एकच उदाहरण वापरलं आहे. शिवाजी पेठेतलं एक जुनं घर, त्यातलं वरच्या मजल्यावरचं बाथरूम पूर्ण नवीन करायचं, आणि स्वयंपाकघरातला जुना ओटा काढून ग्रॅनाइटचा ओटा आणि ट्रॉली बसवायची. स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या टाइल्स चांगल्या आहेत, त्या तशाच ठेवायच्या.

१. गँट चार्ट म्हणजे नेमकं काय? कामांची यादी केली की झालं नाही का?

यादीत काय करायचं ते कळतं, पण केव्हा आणि कशानंतर ते कळत नाही. गँट चार्टमध्ये डावीकडे कामांची नावं एकाखाली एक असतात आणि वरच्या ओळीत दिवस. प्रत्येक कामासमोर, ते सुरू होतं त्या दिवसापासून संपतं त्या दिवसापर्यंत एक आडवी पट्टी काढायची. दोन पट्ट्या एकाखाली एक आल्या तर ती कामं एकाच वेळी चालणार आहेत.

हेन्री गँट या अमेरिकन इंजिनिअरचं नाव या चार्टला मिळालं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्या वेळच्या पट्ट्यांवरून एक काम दुसऱ्यासाठी अडलेलं आहे हे दिसत नसे. कोणत्या कामांना उशीर झाला की सगळंच लांबतं ते शोधायची रीत, म्हणजे क्रिटिकल पाथ, १९५०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत तयार झाली. आज आपण या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर काढतो. आलेखवहीचं एक पान पुरतं, एक चौकोन म्हणजे एक दिवस.

२. ‘डिपेंडन्सी’ कशी ओळखायची? मिस्त्रीला विचारलं तर तो म्हणतो, सगळंच सगळ्यावर अवलंबून आहे.

प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न विचारा: हे काम उद्या सकाळी सुरू करायचं असेल, तर आज संध्याकाळपर्यंत काय पूर्ण झालेलं असलंच पाहिजे? प्लास्टर करायचं तर भिंतीतले नळाचे पाइप आणि वायरिंगचे पाइप दोन्ही गाडून झालेले हवेत. म्हणून प्लास्टर या दोन्हींवर अवलंबून आहे. पण नळाचे पाइप वायरिंगवर अवलंबून नाहीत. प्लंबर आणि वायरमन एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या भिंतींवर काम करू शकतात.

‘आधी असलेलं बरं’ आणि ‘आधी असलंच पाहिजे’ यात गल्लत होते. वायरिंग झाल्यावरच प्लंबर बोलवायची सवय असेल तर ती सवयच आहे, डिपेंडन्सी नाही. ती चार्टमध्ये बाणासारखी काढली तर काम फुकट दोन दिवस लांबतं आणि ते का लांबलं हे कुणाला कळतही नाही.

३. आमच्यासारख्या कामाचा पूर्ण चार्ट एकदा दाखवाल का?

वरच्या घराचा हा तक्ता. ‘आधी’ या रकान्यात ते काम ज्यावर अडलं आहे ती अक्षरं आहेत. शेवटच्या रकान्यातली सवड कशी काढली ते प्रश्न ४ मध्ये आहे.

| | काम | आधी | दिवस | सुरू | शेवट | सवड |
|---|---|---|---|---|---|---|
| क | तोडफोड, राडारोडा उचलणे | – | ३ | १ | ३ | ० |
| ख | भिंतीतले नळाचे पाइप | क | ३ | ४ | ६ | ० |
| ग | भिंतीतले वायरिंगचे पाइप | क | २ | ४ | ५ | १ |
| घ | प्लास्टर | ख, ग | २ | ७ | ८ | ० |
| च | प्लास्टरला पाणी मारणे | घ | ७ | ९ | १५ | ० |
| छ | बाथरूमचं वॉटरप्रूफिंग | च | २ | १६ | १७ | ० |
| ज | पाणी साठवून गळतीची चाचणी | छ | २ | १८ | १९ | ० |
| झ | बाथरूमच्या टाइल्स | ज | ५ | २० | २४ | ० |
| ट | टाइल्सचे सांधे भरणे | झ | २ | २५ | २६ | ० |
| ठ | कमोड, बेसिन, नळ | ट | १ | २७ | २७ | ० |
| ड | ओटा आणि ग्रॅनाइट | घ | ५ | ९ | १३ | २ |
| ढ | ट्रॉलीचं माप घेऊन ती बनवणे | ड | १० | १४ | २३ | २ |
| ण | ट्रॉली बसवणे | ढ | २ | २४ | २५ | २ |
| त | रंग | ठ, ण | ३ | २८ | ३० | ० |

हे दिवस या घराचे आहेत, तुमच्याकडे ते वेगळे येतील. पेठेतल्या अरुंद बोळात डंपर शिरत नाही, राडारोडा पाटीनं बाहेर आणून ट्रॅक्टरमध्ये भरावा लागतो, म्हणून तोडफोडीला तीन दिवस धरले. उपनगरात गाडी दारात लागत असेल तर तेच काम दोन दिवसांत होईल.

‘सुरू’चा आकडा काढायची रीत सोपी आहे. आधीच्या सगळ्या कामांत जे सर्वांत उशिरा संपतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी. प्लास्टरच्या आधी दोन कामं आहेत, एक सहाव्या दिवशी संपतं आणि एक पाचव्या. म्हणून प्लास्टर सातव्या दिवशी.

४. यातला क्रिटिकल पाथ कोणता, आणि तो काढायचा कसा?

आता शेवटापासून उलटं यायचं. रंग तिसाव्या दिवशी संपवायचा तर तो अठ्ठाविसाव्या दिवशी सुरू व्हायलाच हवा. म्हणजे ट्रॉली बसवण्याचं काम फार तर सत्ताविसाव्या दिवसापर्यंत संपलं तरी चालेल. ते दोन दिवसांचं आहे, म्हणजे उशिरात उशिरा सव्विसाव्या दिवशी सुरू करता येईल. त्याआधीची ट्रॉलीची बनावट पंचविसाव्या दिवशी संपली तरी चालेल, म्हणजे ती सोळाव्या दिवशी सुरू झाली तरी हरकत नाही. ओटा पंधराव्या दिवशी संपला तरी चालेल, म्हणजे अकराव्या दिवशी सुरू केला तरी हरकत नाही.

ओटा लवकरात लवकर नवव्या दिवशी सुरू होऊ शकतो आणि उशिरात उशिरा अकराव्या. फरक दोन दिवसांचा. ही त्याची सवड. ज्या कामांत हा फरक शून्य येतो, त्या कामांची सलग साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. आपल्या घरात ती क, ख, घ, च, छ, ज, झ, ट, ठ, त अशी आहे. बेरीज करून पाहा: ३+३+२+७+२+२+५+२+१+३ = ३०. बेरीज एकूण दिवसांशी जुळली नाही तर कुठेतरी एक बाण चुकला आहे.

या साखळीतल्या पट्ट्या लाल पेन्सिलीनं रंगवा आणि बाकीच्या साध्या ठेवा.

५. स्वयंपाकघराच्या तिन्ही कामांना दोन-दोन दिवसांची सवड आहे, म्हणजे एकूण सहा दिवस मिळाले ना?

नाही. यातच सगळ्यात जास्त लोक फसतात. ड, ढ आणि ण या तिघांच्या नावावर लिहिलेली सवड एकच आहे, ती तिघांनी वाटून घ्यायची. ग्रॅनाइट कापणाऱ्यानं दोन दिवस उशीर केला की सवड संपली. ट्रॉलीवाल्यासाठी आता एकही दिवस उरला नाही, आणि त्याच्या समोर मात्र कागदावर अजून ‘२’ दिसतो. म्हणून उशीर झाला की त्या ओळीनंतरचे आकडे पुन्हा काढायचे.

वायरिंगची एका दिवसाची सवड मात्र त्याची स्वतःचीच आहे. ती वापरली तरी पुढचं प्लास्टर सातव्या दिवशीच सुरू होतं.

६. ट्रॉलीवाला म्हणतो दहा नाही, चौदा दिवस लागतील. काय फरक पडेल?

(इथे ट्रॉली म्हणजे ओट्याखालची. राडारोड्याच्या ट्रॅक्टरची नव्हे.)

स्वयंपाकघराच्या बाजूची सवड दोन दिवस होती, उशीर चार दिवसांचा. ट्रॉली चौदाव्या दिवसापासून सत्ताविसाव्या दिवसापर्यंत बनेल, अठ्ठाविसाव्या आणि एकोणतिसाव्या दिवशी बसेल, रंग तिसाव्या दिवशी सुरू होऊन बत्तिसाव्या दिवशी संपेल. एकूण काम दोनच दिवस लांबलं. पण क्रिटिकल पाथ आता बदलला: तो स्वयंपाकघरातून जातो, आणि प्लास्टरनंतरच्या बाथरूमच्या कामांना दोन दिवसांची सवड आली. म्हणजे आता टाइल्सवाल्याच्या मागे लागून उपयोग नाही, ग्रॅनाइट कटिंगवाल्याच्या मागे लागायला हवं. काम सुरू झाल्यावर क्रिटिकल पाथ एकदाच काढून ठेवणाऱ्यांना हे कळत नाही आणि ते चुकीच्या माणसाशी भांडत बसतात.

७. प्लास्टरला सात दिवस पाणी मारायचं म्हणजे सात दिवस काहीच नाही? हे काम आहे का?

मजूर लागत नसला तरी वेळ लागतो, म्हणून पट्टी काढायचीच. ती नसली की चार्ट सांगतो की प्लास्टर संध्याकाळी झालं आणि वॉटरप्रूफिंग दुसऱ्या दिवशी. घाईत केलेल्या प्लास्टरला बारीक भेगा पडतात आणि वॉटरप्रूफिंगचा थर त्याच भेगांवर फाटतो. भेग कुठे आहे ते पाहायचं तर भिंत ओली करा. पाणी वाळत आलं की भेगेची रेघ गडद दिसत राहते.

या सात दिवसांत घरातल्या कुणाला तरी दिवसातून दोनतीन वेळा पाणी मारावं लागेल. चार्टमध्ये त्या पट्टीसमोर घरातल्या माणसाचं नाव लिहा, मिस्त्रीचं नको. तो त्या दिवसांत ओट्यावर किंवा दुसऱ्या साइटवर असतो.

८. मिस्त्रीची सोमवारी सुट्टी असते, शिवाय अमावस्या आणि सण. सुट्टीचे दिवस चार्टमध्ये कसे धरायचे?

दिवस दोन प्रकारचे आहेत. माणूस काम करतो ते दिवस सुट्टीला थांबतात. सिमेंट, वॉटरप्रूफिंगचा थर आणि साठवलेलं पाणी सुट्टी घेत नाहीत. म्हणून क, ख, घ, झ यांच्या मध्ये सोमवार आला तर पट्टी एक चौकोन लांब काढा. च आणि ज यांच्या मध्ये आला तर तशीच ठेवा.

यातून एक गंमत साधता येते. प्लास्टर शुक्रवारी संध्याकाळी संपेल असं बसवलं तर सोमवारची सुट्टी पाणी मारण्याच्या पट्टीतच जिरते, एकही दिवस वाया जात नाही. तेच प्लास्टर रविवार आणि मंगळवार असं तुटलं तर मधला एक दिवस गेला.

९. हे एक्सेलमध्ये कसं करायचं?

रकाने असे: A मध्ये अक्षर, B काम, C आधीची कामं, D दिवस, E सुरू, F शेवट. कामं दुसऱ्या ओळीपासून लिहा, म्हणजे ख तिसऱ्या ओळीत, ग चौथ्या आणि प्लास्टर पाचव्या ओळीत येईल. प्लास्टरची सूत्रं:

```
E5:  =MAX(F3,F4)+1
F5:  =E5+D5-1
```

ते `-1` विसरू नका. तीन दिवसांचं काम पहिल्या दिवशी सुरू झालं तर तिसऱ्या दिवशी संपतं, चौथ्या नाही. ही एका दिवसाची चूक आपल्या साखळीत दहा कामांत दहा दिवस वाढवते.

पट्ट्यांसाठी H1 पासून उजवीकडे 1, 2, 3 असे दिवस लिहा. H2 पासून खालचा सगळा भाग निवडा आणि कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हे सूत्र देऊन रंग निवडा:

```
=AND(H$1>=$E2,H$1<=$F2)
```

दिवसांच्या आकड्यांऐवजी तारखा आणि सोमवारची सुट्टी हवी असेल तर E2 मध्ये आणि H1 पासून उजवीकडे तारखा लिहा. मग माणसांच्या कामांना ही सूत्रं, आणि पाणी मारण्यासारख्या कामांना वरचीच साधी सूत्रं:

```
E5:  =WORKDAY.INTL(MAX(F3,F4),1,"1000000")
F5:  =WORKDAY.INTL(E5-1,D5,"1000000")
```

अवतरणातला पहिला आकडा सोमवारचा, 1 म्हणजे सुट्टी. तुमच्या मिस्त्रीची सुट्टी गुरुवारी असेल तर `"0001000"`.

१०. चार्ट बरोबर आहे, पण मिस्त्री मध्येच गायब होतो. चार्टचा काय उपयोग?

तो केव्हा गायब होईल हे चार्टवरूनच दिसतं. आपल्या उदाहरणात प्लास्टर, ओटा, वॉटरप्रूफिंग आणि टाइल्स असं सगळं एकच गवंडी करतो असं धरा. त्याचे दिवस ७ ते १३, मग १६-१७, मग २० ते २४. चौदा-पंधरा आणि अठरा-एकोणीस या दिवशी त्याला तुमच्याकडे काम नाही. हजेरीवरचा माणूस दोन दिवस रिकामा बसणार नाही, तो दुसरी साइट धरतो. आणि ती साइट दोन दिवसांत संपत नाही. मग सोळाव्या दिवशी फोन केला की, “उद्या येतो की साहेब.”

वॉटरप्रूफिंग आणि टाइल्स दोन्ही क्रिटिकल पाथवर आहेत. त्यामुळे हा ‘उद्या’ जितका लांबतो तितकं अख्खं घर लांबतं. आम्ही काम सुरू होण्याआधीच मिस्त्रीला चार्टची झेरॉक्स देतो आणि त्याच्या मोकळ्या दिवसांवर खूण करून सांगतो, “हे चार दिवस तुमचे, बाहेर काम घ्या, पण सोळाव्या आणि विसाव्या दिवसाचा शब्द द्या.” लपवण्यापेक्षा हे बरं चालतं. ओट्याचं काम दोन दिवस पुढे ढकलूनही पहिली फट भरता येते, कारण त्याची सवड तेवढीच आहे. ओटा ११ ते १५, आणि लगेच सोळाव्या दिवशी वॉटरप्रूफिंग. पण मग पाणी मारायच्या पहिल्या दोन दिवसांत तो बाहेर जातो, आणि ट्रॉलीवाल्याला एकही दिवस उरत नाही. काय महाग पडेल ते बघून ठरवा. आम्ही शक्यतो ट्रॉलीची सवड वाचवतो, कारण ट्रॉलीवाल्याच्या तारखेवर आमचा विश्वास कमी आहे.

११. चाचणीत गळती निघाली तर चार्टमध्ये मागे कसं जायचं?

गँट चार्टमध्ये मागे जाता येत नाही, पुढेच नवी पट्टी काढावी लागते. आधी चाचणीची रीत. बाथरूमची जाळी कापड आणि मातीनं किंवा बुचानं बंद करायची, पाणी भरायचं आणि पाण्याच्या पातळीवर भिंतीला पेन्सिलीनं रेघ मारायची. अठ्ठेचाळीस तासांनी रेघ पाहा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे खालच्या खोलीत जाऊन छत पाहा. पातळी जरा खाली गेली तर ते बाष्पीभवनही असू शकतं. छतावर ओला डाग किंवा पाइपच्या बाजूनं ओलसर वर्तुळ दिसलं तर गळती आहे. बहुतेक वेळा ती पाइप जमिनीतून बाहेर येतो त्या सांध्यालाच असते.

गळती निघाली तर दुरुस्ती आणि नवा थर दोन दिवस, पुन्हा चाचणी दोन दिवस. दोन्ही क्रिटिकल पाथवर, म्हणून तीसचे चौतीस दिवस. स्वयंपाकघराची सवड आपोआप दोनची सहा झाली, म्हणजे ट्रॉलीवाला चौदा दिवस घेणार असेल तर आता घेऊ दे.

असे दिवस आधीच धरायचे असतील तर प्रत्येक पट्टीत एक-एक दिवस वाढवू नका. वाढवलेला दिवस काम करणाऱ्याला दिसतो आणि तो वापरतो. रंगानंतर एक वेगळी रिकामी पट्टी काढा, ‘राखीव’ नावाची, चारपाच दिवसांची.

१२. घाई आहे. जास्त माणसं लावली तर तीस दिवसांचे किती करता येतील?

लाल पट्ट्यांवर माणसं लावली तरच. वायरमन दोन आणले तरी शून्य दिवस वाचतील. टाइल्सवर दोन मिस्त्री लावून पाचचे तीन दिवस झाले तर काम अठ्ठाविसाव्या दिवशी संपेल. पण इथे स्वयंपाकघराचीही सवड संपते आणि दोन्ही बाजू क्रिटिकल होतात. आता एका बाजूला कितीही माणसं वाढवली तरी उपयोग नाही, दोन्हीकडे एकेक दिवस कमी करावा लागेल. च आणि ज मात्र पैसे देऊन कमी होत नाहीत.

१३. खरेदीची कामं चार्टमध्ये घ्यायची का?

घ्यायचीच, आणि जिथे वस्तू दिसते तिथे नाही, जिथे ती लागते तिथे. उदाहरण म्हणजे भिंतीत लपणारा शॉवरचा डायव्हर्टर. त्याची चकचकीत मूठ सत्ताविसाव्या दिवशी बसते, पण आतला भाग पाइपांबरोबर चौथ्या दिवशी भिंतीत गाडावा लागतो. ‘नळ शेवटी बघू’ म्हणणाऱ्यांचं काम चौथ्या दिवशीच थांबतं. भिंतीला टांगायचा कमोड असेल तर त्याची टाकी आणि फ्रेमही तशीच. बेसिनच्या नळाचं मात्र शेवटी बघितलं तरी चालतं.

१४. पावसाळ्यात काम काढू का?

आतलं काम होतं, पण दोन पट्ट्या बदलतात. दमट हवेत वॉटरप्रूफिंगचा थर आणि रंग सुकायला वेळ लागतो, म्हणून आम्ही छ आणि त यांना एकेक दिवस जास्त देतो. दोन्ही लाल, म्हणजे तीसचे बत्तीस. दुसरं म्हणजे माल. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता आणि वाहतूक थांबली होती. बाहेरून येणाऱ्या टाइल्स त्या आठवड्यात अडकल्या तर विसावा दिवस उलटूनही झ सुरू होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये काम असेल तर टाइल्स तोडफोडीच्या आधीच घरात आणून ठेवा, जागा अडली तरी.

१५. काम चालू असताना चार्ट कसा वाचायचा?

रोज संध्याकाळी आजच्या दिवसावर उभी फूटपट्टी ठेवा आणि जी पट्टी तिला छेदते त्या कामवाल्याला विचारा, “अजून किती दिवस?” ‘किती टक्के झालं’ असं विचारू नका. टाइल्स दुसऱ्या दिवशीच ‘नव्वद टक्के झाल्या’ असतात, कारण मोठ्या टाइल्स लवकर लागतात. कोपरे, जाळीजवळचा उतार आणि कापलेले तुकडे यांतच दोनतीन दिवस जातात. त्या कामाचे आजपर्यंत झालेले दिवस आणि मिळालेला आकडा यांची बेरीज D रकान्यात घाला आणि शेवटची तारीख काय होते ते बघा.

१६. घरात एकच बाथरूम आहे. मग?

मग हा चार्ट जसाच्या तसा वापरू नका. कमोड बसेपर्यंत सत्तावीस दिवस घरात संडास-बाथरूम नाही, आणि गळती निघाली तर एकतीस. ‘पर्यायी सोय’ ही तोडफोडीच्या आधीची एक पट्टी म्हणून काढा आणि क तिच्यावर अवलंबून ठेवा. शेजारी किंवा नातेवाइकांकडे सोय होत असेल तर ती किती दिवसांची आहे ते आधी स्पष्ट विचारा. एका कुटुंबाला शेजाऱ्यांनी ‘पंधरा दिवस वापरा’ म्हटलं होतं. चार्ट न काढता काम सुरू झालं, आणि सोळाव्या दिवशी, वॉटरप्रूफिंगचा पहिला थर देताना, ते सगळे पन्हाळ्याला मावशीकडे राहायला गेले. पाणी मारायलाही कुणी नव्हतं, पण तोवर तो टप्पा निघून गेला होता.